कोलेस्टेरॉल पूर्ण थांबवलं तर काय होतं? एका गोळीचा इतिहास

या व्याख्यानमालेत आपण पदार्थांचे आणि औषधांचे इतिहास पाहत आलो आहोत. आज एका बदनाम पदार्थाचा इतिहास पाहू. कोलेस्टेरॉल हा शब्द रक्ततपासणीच्या कागदावर दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. ‘वाईट कोलेस्टेरॉल’, ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ अशी वाटणीही आपण करून टाकली आहे. उलट बाजूला दुसरा एक सूरही ऐकू येतो: ‘शरीराला लागतंच ना ते, मग कमी कशाला करायचं?’ दोन्ही बोलण्यांत थोडं खरं आहे आणि थोडी गफलत आहे. ती सोडवायला आपण एका गोळीची गोष्ट धरून चालू. 1960 साली अमेरिकेत ती बाजारात आली आणि दोन वर्षांत मागे घ्यावी लागली. तिने काय बिघडवलं हे पाहिलं, की शरीर कोलेस्टेरॉल कशासाठी राखून ठेवतं हे आपोआप उलगडत जातं.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण हा पदार्थ हृदयात सापडलाच नव्हता. तो सापडला पित्ताच्या खड्यात. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पुलेतिए द ला साल यांनी पित्ताशयातल्या खड्यांमधून एक पांढरा, चमकदार, मेणासारखा पदार्थ वेगळा केला. पुढे 1815-16 च्या सुमारास शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याची नीट परीक्षा घेतली. शेव्रल तेला-तुपाचा मोठा जाणकार. तेल किंवा चरबी क्षारात उकळली की साबण होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. हा पदार्थ मात्र कितीही उकळला तरी साबण होईना. म्हणजे दिसायला चरबी, पण जातीने चरबी नव्हे. शेव्रलने त्याला ‘कोलेस्टेरिन’ नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरिऑस’ म्हणजे घट्ट. घट्ट झालेलं पित्त! 1859 मध्ये बर्थेलोने दाखवलं की रसायनाच्या भाषेत हा एक अल्कोहोल आहे, म्हणजे त्याच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे. म्हणून शेवटी ‘ऑल’ लागलं आणि कोलेस्टेरिनचं कोलेस्टेरॉल झालं.

ही टोकाची जोडी लक्षात ठेवू या, कारण शरीरातलं याचं पहिलं काम तिच्यामुळेच जमतं. आपली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्याने वेढलेली असते. पडदा बनतो फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंच्या दोन थरांनी. या रेणूंची डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे. कोलेस्टेरॉलचा रेणू या शेपट्यांमध्ये उभा घुसतो. त्याचं ऑक्सिजन-हायड्रोजनचं टोक पाण्याच्या बाजूला राहतं आणि बाकीचं ताठ, चपटं अंग शेपट्यांमध्ये राहतं. याने दोन उलट कामं साधतात. पडदा सैल पडू लागला, तर ते ताठ अंग शेपट्यांची वळवळ आवरतं. आणि थंडीत शेपट्या एकमेकींना चिकटून गोठू पाहतात, तेव्हा तेच अंग मध्ये येऊन त्यांना गच्च बसू देत नाही. म्हणून पडदा गळकाही होत नाही आणि कडकही होत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात सव्वाशे ते दीडशे ग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, त्यातलं बहुतेक या पडद्यांमध्ये. रक्तात फिरणारं जेमतेम काही ग्रॅम. तपासणीच्या कागदावर आपण पाहतो तो या सगळ्यातला अगदी लहान भाग. एकट्या मेंदूत शरीरातलं जवळजवळ पाव कोलेस्टेरॉल असतं, आणि ते मेंदू स्वतःच बनवतो, रक्तातून घेत नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. त्याच्या सुरुवातीला दोन वेगळ्या वाटा निघाल्या, आणि आजचा गोंधळ तिथूनच सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

पहिली वाट रोगाची. 1910 मध्ये जर्मनीत विंडाउस यांनी दाखवलं की कडक झालेल्या महाधमनीच्या भिंतीत निरोगी भिंतीपेक्षा कितीतरी पट कोलेस्टेरॉल असतं. 1913 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कोव्ह यांनी सशांना तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, आणि सशांच्या धमन्यांत तशीच जाड पुटं उठली. टीकाकार म्हणाले, ससा तर पाला खाणारा प्राणी, त्याला हे पचणार कसं? उंदीर आणि कुत्र्यांमध्ये तसं सहज होईना. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल खूप काळ चढं राहिलं तर ते धमनीच्या भिंतीत शिरतं, हा मुद्दा पुढे टिकला.

दुसरी वाट उपयोगाची, आणि गंमत म्हणजे तिच्यावरही तेच विंडाउस भेटतात. त्यांनी कोलेस्टेरॉलच्या रचनेचा माग काढला आणि विलांड यांनी पित्तातल्या आम्लांचा. दोघांच्या रेणूंचा सांगाडा एकच निघाला: चार जोडलेली कडी. विलांडना 1927 चं आणि विंडाउसना 1928 चं नोबेल मिळालं. पुढे विंडाउस यांच्याच कामातून हेही कळलं की कोलेस्टेरॉलच्या अगदी अलीकडच्या पायरीवरचा रेणू, 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, आपल्या त्वचेत असतो. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की चारांपैकी एक कडं उघडतं, आणि त्वचेच्या उबेत त्याचं ड जीवनसत्त्व होतं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ड जीवनसत्त्व कोलेस्टेरॉलपासून होत नाही, ते त्याच्या सख्ख्या भावापासून होतं. दोघं एकाच घरात, एकाच चुलीवर तयार होतात इतकंच.

पण सांगाडा सारखा आहे म्हणून एकापासून दुसरं होतंच असं नाही. पुरावा लागतो. तो दिला कोनराड ब्लॉख यांनी. ब्लॉख हे नाझी जर्मनीतून बाहेर पडून न्यूयॉर्कला पोहोचलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ. तिथे कोलंबिया विद्यापीठात शोनहायमर यांच्या गटाने एक सुरेख युक्ती काढली होती. साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, रेणूत बसवायचा आणि तो शरीरात कुठे जातो ते पाहायचं. पाण्यात रंग सोडून पाइप कुठे फुटलाय ते शोधावं, तसं. 1943 मध्ये ब्लॉख आणि सहकाऱ्यांनी अशी खूण केलेलं कोलेस्टेरॉल कुत्र्याला दिलं, आणि ती खूण त्याच्या पित्तातल्या आम्लात सापडली. 1945 मध्ये त्यांनी दाखवलं की गरोदर स्त्रीला दिलेल्या अशा कोलेस्टेरॉलची खूण तिच्या लघवीतल्या प्रेग्नेनडायॉलमध्ये उतरते. हा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा उरलेला भाग. संप्रेरक म्हणजे हार्मोन. पुढे कळलं की कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन या सगळ्यांचा पहिला कच्चा माल कोलेस्टेरॉलच. याला लागणारं प्रमाण दिवसाला काही मिलिग्रॅमांत मोजण्याइतकंच. पण ते थांबलं तर रक्तदाब, मीठ-पाणी, पाळी, गर्भ, सगळंच डगमगतं.

पित्ताचं मात्र प्रमाण मोठं आहे आणि कारणही वेगळं. कोलेस्टेरॉलची ती चार कडी आपल्या पेशींना तोडता येत नाहीत. साखर जाळता येते, चरबी जाळता येते, कोलेस्टेरॉल जाळता येत नाही. मग जास्तीचं बाहेर काढायचं कसं? यकृत त्याची पित्तआम्लं बनवतं, काही थेट पित्तात सोडतं आणि आतड्यात पाठवतं. तिथे पित्तआम्लं साबणासारखं काम करतात: जेवणातलं तूप-तेल फोडून पाण्यात मिसळण्याजोगं करतात. काम झाल्यावर जवळजवळ 95 टक्के पित्तआम्लं आतड्यातून परत यकृताकडे येतात. जी थोडी शौचावाटे जातात, तीच बाहेर पडण्याची मुख्य वाट. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त आणि त्याला विरघळवणारे पदार्थ कमी झाले, की ते स्फटिक होऊन बसतं. शेव्रलच्या हाती आलेला खडा तो हाच! म्हणजे घरात येणारी वाट रुंद आणि जाणारी वाट अरुंद, अशी ही रचना आहे. तिचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

ब्लॉख यांचं पुढचं काम म्हणजे शरीर हा रेणू बनवतं कसा ते शोधणं. उत्तर थक्क करणारं निघालं. कोलेस्टेरॉलमधले 27 च्या 27 कार्बन अ‍ॅसिटेटपासून येतात, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाशी नातं सांगणाऱ्या दोन कार्बनच्या लहानशा तुकड्यापासून. तीसेक पायऱ्यांचा तो रस्ता ब्लॉख, म्युनिकचे फेओडोर लिनेन आणि इतरांनी मिळून शोधला. ब्लॉख आणि लिनेन यांना 1964 चं नोबेल त्यासाठी मिळालं. माणसाचं शरीर रोज जवळपास एक ग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतः बनवतं. जेवणातून शोषलं जातं ते बहुधा याहून कमी. आणि रोजच्या जेवणात ते जास्त आलं तर शरीर आपलं बनवणं काही अंशी कमी करतं.

आता इथे आपली गोळी येते. 1955 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि देशभर त्याचीच चर्चा सुरू झाली. औषध कंपन्यांचा विचार सरळ होता: शरीर कोलेस्टेरॉल बनवतं, तो रस्ता माहीत होतोय, तर रस्त्यात कुठेतरी अडथळा घालू. सिनसिनाटीच्या विल्यम एस. मेरेल कंपनीने ट्रायपारानॉल नावाचं औषध तयार केलं. बाजारातलं नाव मेर/29. 1960 च्या एप्रिलमध्ये त्याला सरकारी परवानगी मिळाली. जाहिराती जोरात होत्या. लाखो माणसांनी ते घेतलं.

अडथळा कुठे घातला होता, हे नीट पाहू. रस्त्याच्या अगदी शेवटी. कोलेस्टेरॉलच्या आधीची पायरी म्हणजे डेस्मोस्टेरॉल. दोघांत फरक फक्त शेपटीतल्या एका दुहेरी बंधाचा. ट्रायपारानॉलने शेवटचं दार बंद केलं. पण मागून माल येतच होता! त्यामुळे कोलेस्टेरॉल घटलं, पण डेस्मोस्टेरॉल साठत गेलं. 1960 मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी हे दाखवलं. त्यातली आणखी एक मेख अशी की त्या काळी कोलेस्टेरॉल रंगावरून मोजत. रसायन घातलं की हिरवा रंग येतो, तो जितका गडद तितकं कोलेस्टेरॉल. डेस्मोस्टेरॉल त्याच रसायनाने कमी रंग देतं. म्हणजे कागदावरचा आकडा जितका उतरलेला दिसायचा, तितका तो खरोखर उतरलेला नव्हता. एक चोर पकडला आणि त्याचा भाऊ तसाच फिरत राहिला. शिवाय हे डेस्मोस्टेरॉल धमनीच्या भिंतीतही जाऊन बसत होतं.

आणि मग रुग्ण परत येऊ लागले. 1961 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा जे नोंदवलं ते त्वचेचं होतं. त्वचा कोरडी, खवल्यांसारखी होते, केस गळतात. नंतर काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले, तेही दोन्ही डोळ्यांत, जिथे वयाने तसं कारण नव्हतं. आता प्रश्न विचारू: त्वचा, केस, डोळा, हेच का? हृदय का नाही, पाय का नाही?

उत्तर पडद्यांत आहे. डोळ्यातल्या भिंगाच्या पेशींच्या पडद्यांत कोलेस्टेरॉलचं प्रमाण शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त असतं. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून त्याला कोलेस्टेरॉल मुख्यतः स्वतः बनवावं लागतं. बनवणं थांबलं की पडदा बिघडतो आणि पारदर्शकपणा जातो. त्वचेचंही तसंच. सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची वीट आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. कोलेस्टेरॉल हा त्या गिलाव्याचा एक घटक. तो बिघडला की भिंत सुकते आणि खवले पडतात. ही दोन्ही ठिकाणं आपला माल आपणच बनवतात, म्हणून आधी तिथेच फटका बसला. डेस्मोस्टेरॉल इतकं जवळचं असूनही त्याने काम भागलं नाही, हेही इथे दिसतं. जो रेणू हवा तो हवाच.

ही गोष्ट बाहेर कशी आली, तेही सांगायला हवं. कंपनीच्या प्रयोगशाळेत पूर्वी काम केलेल्या एका स्त्रीला एका माकडाच्या वजनाच्या नोंदी बदलायला सांगण्यात आलं होतं. तिने ते घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा ज्यांच्या गाडीतून कामावर जायचा, त्यांच्यात सरकारी औषध प्रशासनाचा एक निरीक्षक होता. 1962 च्या एप्रिलमध्ये औषध मागे घेतलं गेलं. पुढे फौजदारी खटल्यात कंपनीने आणि तिच्या शास्त्रज्ञांनी आरोपांना आव्हान दिलं नाही, आणि कंपनीला दंड झाला.

याच काळात, 1964 मध्ये, स्मिथ, लेमली आणि ऑपिट्झ या तीन डॉक्टरांनी एका जन्मजात आजाराचं वर्णन केलं: लहान डोकं, टाळू फाटलेली, पायाची दुसरी-तिसरी बोटं जोडलेली, बौद्धिक वाढ मंद. कारण कोणालाच माहीत नव्हतं. ते सापडायला जवळजवळ 30 वर्षं लागली. 1993 मध्ये कळलं की या मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी आणि त्याच्या आधीचा रेणू, आपला त्वचेतला 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, खूप जास्त असतो. शेवटच्या पायरीचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्यात बिघडलेलं असतं. म्हणजे ट्रायपारानॉलने जे गोळीने केलं, ते इथे निसर्गाने गर्भातच केलं होतं, शेजारच्याच एका पायरीवर. 1996 मध्ये याला आणखी एक धागा मिळाला: गर्भाचे अवयव कुठे आणि कसे वाढावेत, हे सांगणाऱ्या हेजहॉग नावाच्या प्रथिनाला कोलेस्टेरॉलचा एक रेणू जोडावा लागतो. अशा मुलांना अंड्याचा बलक किंवा शुद्ध कोलेस्टेरॉल देतात, त्याने वजन आणि वाढ काहीशी सुधारते. मेंदूतली कमतरता मात्र भरून निघत नाही, कारण खाल्लेलं कोलेस्टेरॉल मेंदूत पोहोचत नाही.

मग आजच्या स्टॅटिन गोळ्या? त्याही बनवणंच अडवतात ना? हा प्रश्न इथे बसलेल्यांच्या मनात आलाच असेल. 1970 च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांना एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं, आणि 1987 मध्ये लोव्हास्टॅटिन अमेरिकेत बाजारात आलं. फरक जागेचा आहे. स्टॅटिन रस्त्याच्या सुरुवातीच्या एका पायरीवर अडथळा घालतं. तिथे तुंबलेला माल पाण्यात विरघळणारा, दुसऱ्या वाटेने वापरता येणारा असतो. डेस्मोस्टेरॉलसारखा साठून बसत नाही. दुसरं म्हणजे स्टॅटिन बनवणं पूर्ण बंद करत नाही. आणि तिसरं, ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी दाखवलं की यकृतातलं कोलेस्टेरॉल घटलं की यकृत आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे हात, म्हणजे रिसेप्टर, वाढवतं. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. म्हणजे या गोळीचा मोठा परिणाम यकृताने रक्तातले कण उचलून घेण्याचा आहे. त्या दोघांना 1985 चं नोबेल मिळालं.

त्यांच्या कामातच दुसऱ्या गफलतीचं उत्तर आहे. ज्या मुलांना दोन्ही पालकांकडून हे हात बिघडलेले मिळतात, त्यांच्या रक्तात एलडीएल जन्मापासून प्रचंड असतं, आणि उपचार नसतील तर काहींना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येतो. त्यांच्यात दुसरं काही कारण नसतं: ना तंबाखू, ना वय. म्हणजे एलडीएल धमनीला त्रास देतं, हे खरं आहे. आणि पेशींना कामापुरतं एलडीएल किती लागतं? नवजात बाळाच्या रक्तात ते प्रत्येक डेसिलिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि तेवढ्यावर बाळ झपाट्याने वाढतं. मोठ्या माणसाचं 160 किंवा 190 झालं, तर त्या जास्तीच्याने पडदे मजबूत होत नाहीत, संप्रेरकं वाढत नाहीत. पेशी हवं तेवढंच घेतात, उरलेलं धमन्यांतून फिरत राहतं, आणि ती चार कडी तोडता येत नसल्याने भिंतीत शिरलेलं लवकर निघत नाही.

तेव्हा कोलेस्टेरॉल शत्रू की मित्र, असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळणार नाही. ते कुठे आहे, किती आहे आणि किती वर्षं आहे, असं विचारलं तर मिळतं. भिंगाच्या पडद्यात, मेंदूत, गर्भाच्या पेशीत त्याची कमतरता घातक. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चढत गेलेला साठा घातक. पदार्थ एकच. तपासणीत एलडीएल चढं दिसलं आणि डॉक्टरांनी गोळी सुचवली, तर ‘शरीराला लागतं म्हणून घेणार नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. पण गोळी रस्त्यात कुठे अडथळा घालते आणि मागे काय साठतं, हा प्रश्न मात्र कुठल्याही नव्या औषधाबद्दल विचारावाच. 1960 मध्ये तो विचारून उत्तरही आलं होतं. तरीही गोळी दोन वर्षं विकली गेली.